जुलाबानंतर शहाळे की ओआरएस: प्रश्न मिठाचा आहे

प्रश्न: "माझे वडील ६६ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे. परवापासून जुलाब होते, आज कमी झाले आहेत. ओआरएसची चव त्यांना नको वाटते, शहाळ्याचे पाणी मात्र आवडीने पितात. शहाळे नैसर्गिक असते, मग ओआरएसऐवजी तेच दिले तर चालेल ना? दिवसाला किती द्यावे?"

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी गेली सत्तावीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करतो. आमच्याकडे जुलाबाचा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या घरी दोन-तीन शहाळी आधीच फोडून झालेली असतात, त्यामुळे हा प्रश्न मला दर पावसाळ्यात अनेकदा ऐकावा लागतो. माझे उत्तर असे, की जुलाब चालू असताना आणि थांबल्यानंतरच्या पहिल्या दिवशी ओआरएसची जागा शहाळे घेऊ शकत नाही. ओआरएस सुरू असताना जोडीला शहाळे मिळाले तर बहुतेकांना ते चांगलेच. मात्र आपल्या वडिलांचे वय आणि बीपीची गोळी पाहता त्यांच्या बाबतीत तेवढेही न विचारता देऊ नये. याची कारणे सविस्तर सांगतो, कारण कारण कळले की पुढच्या वेळी किती आणि केव्हा हे आपले आपल्यालाच ठरवता येते.

जुलाबात शरीरातून पाणी जाते हे सर्वांना दिसते, पण त्या पाण्याबरोबर मीठ जाते हे दिसत नाही. नेहमीच्या जंतुजन्य जुलाबात एक लिटर पातळ शौचाबरोबर ढोबळमानाने तीन ते चार ग्रॅम मीठ निघून जाते. पटकी असेल तर त्याच्या दुप्पट जाते आणि लहान मुलांच्या रोटाव्हायरसच्या जुलाबात यापेक्षा कमी जाते. गेलेले पाणी रक्तात धरून ठेवण्याचे काम हे मीठच, म्हणजे त्यातले सोडियम, करते. मीठ परत न देता नुसते पाणी दिले तर ते पाणी शरीरात टिकत नाही, आणि भरपूर दिले तर उरलेले मीठही विरळ होत जाते.

आता दुसरी बाजू पाहू. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते ग्लुकोजचा एक रेणू आत नेताना सोडियमचे दोन कण सोबत घेते आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. जुलाबात आतड्याचे इतर मार्ग बिघडले तरी हा मार्ग बहुधा शाबूत राहतो. ओआरएसची सारी रचना या एका गोष्टीवर उभी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. सायट्रेटमधले सोडियमही धरले तर एका लिटरमधले एकूण सोडियम सुमारे साडेचार ग्रॅम मिठाइतके होते. साखर आणि मीठ एकमेकांच्या मापात आहेत आणि द्रावण एकंदरीत रक्तापेक्षा थोडे पातळ आहे, त्यामुळे पाणी आतड्यातून रक्ताकडे जाते. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी, १९७१ साली, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून पटकीच्या रुग्णांना पाजायला दिल्या आणि मृत्यूंचे प्रमाण एकदम खाली आले. त्या पुडीतही भर मीठ आणि ग्लुकोजच्या प्रमाणावरच होता.

या मापाने शहाळे पाहिले तर चित्र उलटे दिसते. शहाळ्याच्या पाण्याचे घटक झाडाची जात, जमीन आणि फळाचे वय यांप्रमाणे बदलतात, त्यामुळे एकच आकडा सांगणे प्रामाणिक ठरणार नाही. तरी कोवळ्या शहाळ्यात सोडियम बहुधा फारच कमी असते. मी हिशेबासाठी लिटरमागे अर्धा ग्रॅम मिठाइतके सोडियम धरतो, आणि पुष्कळदा तेवढेही नसते. पोटॅशियम मात्र ओआरएसच्या दुप्पट ते तिप्पट असते. साखर शंभर मिलिलिटरला साधारण चार ते पाच ग्रॅम असते, म्हणजे ओआरएसच्या तिपटीहून जास्त. त्यातली बरीचशी साखर फ्रुक्टोज असते आणि फ्रुक्टोज आतड्यात निराळ्या वाटेने शिरते, ते सोडियमला सोबत नेत नाही. त्यातच नेण्यासाठी सोडियमच अपुरे असल्यामुळे वर सांगितलेली जोडी जमत नाही. साखर आणि पोटॅशियम मिळून हे पाणी बहुतेक वेळा रक्तापेक्षा दाट होते. निरोगी आतडे ते सहज पचवते, पण सुजलेल्या आतड्यात दाट गोड पाणी एकदम गेले तर ते उलट पाणी आतड्यात खेचते आणि शौच आणखी पातळ होते. "शहाळे प्यायलो आणि लगेच परत जावे लागले" असे रुग्ण सांगतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

एक उदाहरण जरा जवळून सांगतो, कारण ते आपल्या वडिलांच्या परिस्थितीशी जुळते. काही वर्षांपूर्वी वैशाखात साठीच्या घरातले एक बागायतदार माझ्याकडे आले होते. घरची बाग, त्यामुळे शहाळ्यांना तोटा नव्हता. एका लग्नाच्या जेवणानंतर त्यांना जुलाब सुरू झाले. दोन दिवस दिवसाला दहा-बारा वेळा जावे लागत होते. मुलाने प्रेमाने दिवसाला सात शहाळी दिली, मधूनमधून साधे पाणी दिले, आणि बीपी आहे म्हणून मीठ पूर्ण बंद केले. बीपीसाठी त्यांची टेल्मिसार्टनची रोजची गोळी मात्र चालूच होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना आणले तेव्हा जुलाब जवळजवळ थांबले होते, पण उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पोटऱ्यांत पेटके होते, बोलणे संथ झाले होते आणि सकाळपासून लघवी एकदाच, गडद रंगाची झाली होती. झोपून रक्तदाब ११० होता आणि उभे केल्यावर ८४ वर आला. रक्त तपासले तर सोडियम १२४ निघाले, जे किमान १३५ हवे. पोटॅशियम ६.१ निघाले, जे साधारण ५ च्या आत हवे. मूत्रपिंडे किती काम करतात ते दाखवणारे क्रिएटिनिन वाढून २ च्या पुढे गेले होते.

त्यांच्या मुलाला मी कागदावर जो हिशेब मांडून दाखवला तोच इथे देतो. दिवसाला सुमारे तीन लिटर शौच धरले तर रोज दहा ग्रॅमच्या आसपास मीठ बाहेर जात होते. सात शहाळ्यांचे पाणी, प्रत्येकी पाव लिटर, म्हणजे पावणेदोन लिटर. त्यातून परत मिळालेले मीठ जेमतेम एक ग्रॅम. दोन दिवसांत वीस ग्रॅम गेले आणि दोन ग्रॅम आले, वर साधे पाणी पडत राहिले. सोडियम १२४ वर का आले हे एवढ्यावरून कळते. पेटके, अंधारी आणि संथपणाही त्यातूनच आला.

पोटॅशियमची गोष्ट थोडी निराळी आहे. जुलाबात पोटॅशियमही जाते, त्यामुळे मूत्रपिंडे धड असलेल्या तरुण माणसाला शहाळ्यातले जास्तीचे पोटॅशियम बाधत नाही, उलट उपयोगीच पडते. जास्त झाले तर ते लघवीवाटे निघून जाते. पण या गृहस्थांचे रक्ताभिसरण मिठाअभावी आकसले होते, मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोहोचत होते, लघवी जवळजवळ बंद होती आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडून पोटॅशियम बाहेर टाकले जाण्याची क्रिया मंदावतात. म्हणजे येणारी वाट मोकळी होती आणि जाणारी वाट तिन्ही बाजूंनी अडली होती. पोटॅशियम सहाच्या पुढे गेले की हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होण्याची भीती असते, आणि तशी लक्षणे घरी ओळखता येतीलच असे नसते. त्यांच्या इसीजीत बदल दिसू लागले होते. शिरेतून सलाइन, पोटॅशियमसाठीची औषधे आणि गोळी तात्पुरती बंद, एवढ्यावर दोन दिवसांत ते सुधारले. मुलाने काहीही निष्काळजीपणा केला नव्हता. घरातला सर्वांत चांगला समजला जाणारा पदार्थ त्याने मनापासून दिला होता, आणि म्हणूनच हा हिशेब प्रत्येक घरात माहीत असावा असे मला वाटते.

यावरून शहाळे वाईट आहे असा अर्थ कृपया काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुलाबावरील मार्गदर्शनातही कोवळ्या नारळाच्या पाण्याचे नाव घरगुती पेयांत आहे, पण ते मीठ नसलेल्या पेयांच्या यादीत, साधे पाणी आणि सौम्य चहा यांच्या शेजारी आहे. मीठ असलेल्या पेयांत ओआरएस, मीठ घातलेली पेज, मीठ घातलेले ताक आणि भाज्यांचे खारट कढण येतात. घरात दोन्ही प्रकारची पेये द्यावीत आणि त्यातले निदान एक मिठाचे असावे, असा तो सल्ला आहे. निरोगी तरुण माणसाला दोन-तीन वेळा पातळ झाले, तो जेवतो आहे आणि लघवी व्यवस्थित होते आहे, तर त्याने ओआरएस न घेता शहाळे आणि मीठ घातलेला मऊ भात घेतला तरी काही बिघडत नाही, कारण मीठ त्याला भातातून मिळते. घरगुती अनुभवात "शहाळ्याने बरे वाटले" असे ऐकू येते ते बहुधा अशाच सौम्य जुलाबात, आणि ते खोटे नसते.

शहाळ्यातच चिमूटभर मीठ टाकले तर काय, असे पुष्कळ जण विचारतात. कल्पना चुकीची नाही, पण तिच्यातही अडचण आहे. मुळात दाट असलेल्या पाण्यात मीठ टाकले की ते आणखी दाट होते. म्हणून आधी तेवढेच पिण्याचे पाणी घालून ते निम्मे पातळ करावे लागते. एका शहाळ्याचे पाव लिटर पाणी, पाव लिटर साधे पाणी आणि सपाट पाव चहाचा चमचा मीठ, असे केले तर मीठ, साखर आणि दाटपणा हे तिन्ही बऱ्यापैकी मापात येतात. परंतु प्रत्येक शहाळ्यातले पाणी आणि गोडी निराळी असल्याने हे माप अंदाजाचेच राहते. प्रवासात, ओआरएस मिळत नसताना, मूत्रपिंडे चांगली असलेल्या मोठ्या माणसासाठी ते वेळ निभावून नेईल. लहान मुलांसाठी आणि वृद्धांसाठी मी ते सांगत नाही. घरात साखर, मीठ आणि पाणी असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ हे जास्त भरवशाचे आहे, फक्त त्यात पोटॅशियम नसते. तिथे एखादे केळे किंवा अर्धे शहाळे जोडीला घेता येते, आणि शहाळ्याचा मला सर्वांत पटणारा उपयोग हाच आहे.

आता चवीविषयी लिहितो, कारण आपली खरी अडचण तिथे आहे. ओआरएस फार खारट लागत असेल तर आधी ते कसे बनवले जाते ते पाहावे. मी घरी भेट द्यायला जातो तेव्हा निम्म्या घरांत एक लिटरची मोठी पुडी उघडून, त्यातले दोन चमचे अंदाजाने पेल्यात टाकून ढवळलेले असते. ते द्रावण दाट होते, चव वाईट लागते आणि जुलाब वाढतात. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकाच वेळी मिसळायची असते. २०० मिलिलिटरसाठीची लहान पुडी वेगळी मिळते, ती एका पेल्याला पुरते. नीट केलेले ओआरएस अश्रूंइतके खारट लागते, त्याहून जास्त लागले तर पाणी कमी पडले आहे असे समजावे. ते थंड करून, एका घोटाऐवजी दर दोन-तीन मिनिटांनी चमच्याने दिले तर वयस्कर माणसेही घेतात, आणि उलटीची भावना असताना पोटात राहते ते असेच. वरून साखर किंवा सरबताचा अर्क घालून चव सुधारू नये, कारण त्याने मापच बिघडते. केलेले द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. दुकानात ओआरएससारखे नाव लावून मिळणाऱ्या गोड खोक्यांपासून सावध राहावे. अन्नपदार्थांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे, पण औषधांच्या दुकानात मागतानाच जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी द्या असे स्पष्ट सांगितलेले बरे.

एवढे करूनही वडील ओआरएस घेतच नसतील, तर माझी पहिली पसंती शहाळ्याला नसून पेजेला आहे. मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून, सरसरीत ठेवून, लिटरमागे सपाट अर्धा चमचा मीठ घातलेली पेज ही आपल्या घरातली जलसंजीवनीच आहे. भातातला स्टार्च आतड्यात हळूहळू ग्लुकोजमध्ये मोडतो, त्यामुळे ग्लुकोज मिळते पण द्रावण दाट होत नाही, आणि मीठ आपण मापून घातलेले असते. कोकणात आजारी माणसाला पेज देण्याची जी रीत आहे ती या शास्त्राशी पूर्णपणे जुळते, आणि ज्यांना ओआरएस नको वाटते ती माणसे पेज सहसा नाकारत नाहीत. दुसरी पसंती मीठ घातलेल्या पातळ, ताज्या ताकाला.

"बीपी आहे, मग मीठ कसे द्यायचे?" ही शंका आपल्याही मनात असेल. रक्तदाबाच्या रुग्णाला मीठ कमी करायला सांगतो ते रोजच्या, धडधाकट दिवसांसाठी. जुलाबाच्या दिवसांत आपण जास्तीचे मीठ देत नसतो, गेलेले मीठ परत करत असतो. शौच घट्ट झाले, लघवी मोकळी झाली की ओआरएस त्याच दिवशी बंद करायचे, ते शक्तिवर्धक पेय म्हणून पुढे चालू ठेवायचे नाही. मधुमेह असलेल्यांनी साखरेला घाबरून ओआरएस टाळून शहाळे घेणे तर पूर्णपणे उलटे आहे, कारण एका शहाळ्यातली साखर जवळजवळ अख्ख्या लिटरभर ओआरएसइतकी असते. हृदय कमकुवत असेल किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, तर मात्र ओआरएसचेही प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे आणि शहाळे पूर्णपणे टाळावे.

आपल्या वडिलांसाठी आज काय करावे ते आता सांगतो. बीपीच्या गोळीचे पाकीट काढून त्यावरचे नाव वाचा. शेवटी "सार्टन" किंवा "प्रिल" असेल, अथवा स्पायरोनोलॅक्टोन लिहिलेले असेल, तर जुलाब पूर्ण थांबून एक दिवस होईपर्यंत आणि लघवी नेहमीसारखी होईपर्यंत शहाळे देऊ नका. अशा आजारात ही गोळी आणि लघवीची गोळी एक-दोन दिवस थांबवावी लागते, पण ते परस्पर न करता आजच आपल्या डॉक्टरांना फोन करून विचारा. गोळी निराळ्या प्रकारची असेल, मूत्रपिंडाचा त्रास कधी नसेल आणि लघवी स्वच्छ होत असेल, तर ओआरएस किंवा पेज चालू ठेवून दिवसभरात एक शहाळे, दोन वेळांत विभागून, द्यायला हरकत नाही. ओआरएस दर पातळ शौचानंतर एक पेला, हळूहळू. जेवण बंद ठेवू नका. मऊ भात, मेतकूट, वरण, मीठ घालून, थोडे थोडे द्या.

त्यांना उठून बसवा, मग उभे करा आणि चक्कर येते का ते विचारा. जीभ ओली आहे का ते पाहा, आणि लघवी सहा तासांत एकदाही झाली नसेल तर वाट पाहू नका. उभे राहता न येणे, गुंगी, बोलण्यात गोंधळ, पोटऱ्यांत पेटके, छातीत धडधड, शौचात रक्त किंवा पोटात काहीच न टिकणे, यांतले एकही दिसले तर पेयांचा प्रश्न बाजूला ठेवून त्यांना दवाखान्यात न्या. तिथे सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन एकाच रक्तनमुन्यातून तपासायला सांगा, आणि गेल्या दोन दिवसांत किती शहाळी दिली ते डॉक्टरांनी विचारले नाही तरी स्वतःहून सांगा.